मिश्र पद्धतीच का घेतली, याचं समर्थन प्रस्तावात कसं लिहायचं?

वृंदा_पुरंदर
नमस्कार मंडळी. मी पुरंदर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पुण्यात शिक्षणशास्त्रात पीएच.डी.चा प्रस्ताव सादर करायची तयारी चालू आहे. विषय चौथीची मुलं आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं. फळ्यावर 50 ÷ 8 मांडून दिलं की मुलं सोडवतात, तेच वाक्यात आलं की अडतात. हे मी वर्षानुवर्षं वर्गात बघते आहे आणि मला ते नीट समजून घ्यायचं आहे.

संशोधन पद्धतीच्या प्रकरणात मी असं लिहिलं होतं: "संख्यात्मक व गुणात्मक या दोन्ही पद्धतींचे गुण एकत्र यावेत आणि एकीच्या मर्यादा दुसरीने भरून निघाव्यात म्हणून प्रस्तुत संशोधनात मिश्र पद्धती अवलंबिली आहे." विभागात सादरीकरण झालं तेव्हा एका मॅडमनी हे वाक्य अधोरेखित करून शेजारी लिहिलं, "हे कुठल्याही विषयाला चालेल. तुमच्या विषयाला का?"

दोन आठवडे झाले, मला उत्तर लिहिता येत नाहीये. चाचणी आणि मुलाखती दोन्ही लागणार हे मला आतून पक्कं माहीत आहे, पण कागदावर उतरत नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

तळजाई
सोपं आहे. त्रिकोणीकरण लिहा. एकच गोष्ट दोन साधनांनी तपासली की निष्कर्षांची सप्रमाणता वाढते. चाचणीतून जे येईल ते मुलाखतीतून पडताळायचं. माझ्या एम.एड.च्या प्रबंधात मी हेच लिहिलं होतं आणि कुणी हरकत घेतली नाही.

सुनंदा_क
मलाही हाच प्रश्न आहे, विषय वेगळा आहे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

वेल्ह्याचा_मास्तर
ताई, आमच्याकडे तर मिश्र पद्धतीशिवाय पर्यायच नाही. दोन शिक्षक, पहिली ते चौथी मिळून सतरा पोरं. एका बाजूला पहिली-दुसरी, एका बाजूला तिसरी-चौथी. तिसरीला उदाहरण देऊन बसवायचं आणि चौथीला तोवर शिकवायचं. याचं समर्थन काय लिहायचं, परिस्थितीच तशी आहे.

वृंदा_पुरंदर
@वेल्ह्याचा_मास्तर, सर, तुम्ही बहुवर्ग अध्यापनाबद्दल बोलताय. माझा प्रश्न माहिती गोळा करायच्या पद्धतीचा आहे. थोडी मुलं चाचणीने तपासायची आणि थोड्यांशी बोलायचं, असं.

वेल्ह्याचा_मास्तर
अच्छा, मी वेगळंच समजलो. पण मग एक विचारतो. नमुन्यात किती मुलं धरलीत? आमच्याकडे चौथीत चार पोरं आहेत. पुरंदरच्या डोंगराकडच्या वाड्यांवर यापेक्षा वेगळं नसणार.

वृंदा_पुरंदर
24 शाळा आणि प्रत्येकी वीस मुलं धरून 480 लिहिली आहेत. तुमचं वाचून धस्स झालं. माझ्याच शाळेत चौथीत तेरा आहेत.

कर्वे_रस्ता
वृंदाताई, मी बरीच वर्षं शिक्षणशास्त्र शिकवलं आहे, प्रस्तावही पुष्कळ वाचले आहेत. त्या मॅडमनी तुमच्यावर उपकार केलेत. पद्धतीचं समर्थन पद्धतीच्या गुणांवरून करता येत नाही, ते प्रश्नावरून करायचं असतं. "दोन्हींचे गुण" हे वाक्य प्रश्नाकडे पाठ फिरवून लिहिलेलं आहे.

आधी मला एक सांगा. तुमचा पायलट झाला आहे का? झाला असेल तर त्यात नेमकं काय दिसलं आणि तुम्ही कुठे अडलात? जिथे अडलात तिथेच तुमचं समर्थन आहे.

तळजाई यांच्या प्रतिसादाबद्दल. त्रिकोणीकरण हे खरंच एक कारण असतं, पण त्यासाठी दोन्ही साधनं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत आणि दोघांनी एकच गोष्ट मोजायला हवी. वृंदाताई चाचणीच्या निकालावरून मुलाखतीची मुलं निवडणार असतील तर मुलाखत स्वतंत्र उरतच नाही. ती पडताळणी नव्हे, तो पुढचा टप्पा आहे. ग्रीन, काराचेली आणि ग्रॅहम यांनी 1989 मध्ये मिश्र पद्धतीचे पाच हेतू वेगळे करून दाखवले, त्यातला त्रिकोणीकरण हा फक्त एक. आपल्याकडे प्रस्तावात पाचही हेतू ओळीने लिहितात आणि काम मात्र एकाचंच करतात. ब्रायमन यांनी 2006 मध्ये 232 शोधलेख तपासले, त्यांनाही सांगितलेलं कारण आणि प्रत्यक्ष काम यांत मेळ नाही असं वारंवार आढळलं. तेव्हा एकच हेतू घ्या आणि तो पाळा.

वृंदा_पुरंदर
सर, पायलट झाला आहे. माझी शाळा आणि शेजारची, मिळून 31 मुलं. दोन प्रश्न जोडीने दिले होते. एक नुसता 50 ÷ 8. दुसरा असा: "एका खोक्यात 8 अंजिरे मावतात. 50 अंजिरे भरायला किती खोकी लागतील?"

नुसता भागाकार 22 जणांना आला. त्या 22 पैकी खोक्यांचं उत्तर 7 असं 7 जणांनी लिहिलं. 13 जणांनी "6" किंवा "6 बाकी 2" लिहिलं. दोघांनी गुणाकार करून 400 लिहिलं.

मग मी त्या 13 मधल्या एका मुलीला सहज विचारलं, "उरलेल्या दोन अंजिरांचं काय?" तिच्या घरी अंजिराची बाग आहे. ती म्हणाली, "दोन अंजिरांसाठी कोण खोकं काढतं बाई? ती घरी ठेवतात." मी तिला चूक दिली होती. तिने खरं तर गणितही बरोबर केलं होतं आणि विचारही. त्या दिवसापासून मला मुलाखती हव्या आहेत.

कर्वे_रस्ता
हेच! हे तुम्ही प्रकरणात का लिहिलं नाही? पायलटमध्ये 13 मुलांचं उत्तर एकसारखं दिसलं, पण त्यामागचं कारण एकच आहे की पाच, हे चाचणीला दिसत नाही. तुमचं समर्थन इथून सुरू होतं.

उरलेल्या बाराजणांनी 6 का लिहिलं असेल, बघा. एखाद्याला "मावतात" हा शब्दच कळला नसेल. एखाद्याने आकडे उचलून भागाकार केला असेल आणि वाक्याकडे परत वळूनच पाहिलं नसेल. एखाद्याला वर्गातली सवय असेल, की भागाकाराचं उत्तर भागाकार आणि बाकी असंच लिहायचं. कागदावर तिघंही "6 बाकी 2". वर्गात तिघांवरचे उपाय मात्र पूर्ण वेगळे.

यासाठी मुलाखतीची तयार रीत आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूमन यांनी 1977 मध्ये मांडलेली. मुलाला तेच उदाहरण पुन्हा पुढे ठेवून पाच गोष्टी क्रमाने विचारायच्या: मोठ्याने वाच, काय विचारलंय ते सांग, कसं सोडवशील ते सांग, करून दाखव, आणि आता उत्तर लिही. मूल पहिल्यांदा ज्या पायरीवर अडखळतं ती चुकीची जागा. तुमच्या अंजीरवाल्या मुलीची गंमत अशी की ती पाचही पायऱ्या पार करते आणि शेवटी घरच्या अनुभवाने उत्तर ठरवते. तिच्यासाठी तुम्हाला वेगळा रकाना करावा लागेल, आणि तो तुमच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा रकाना ठरू शकतो.

आकडेमोड_कोथरूड
मी संख्याशास्त्राचा, शिक्षणशास्त्राचा नाही. पण इथे मला मुलाखतींची गरज अजून पटलेली नाही. कारण शोधायचं काम चाचणीच करू शकते, प्रश्न नीट बनवले तर.

अंजिरांच्या जोडीला दुसरा प्रश्न द्या: "58 मुले सहलीला निघाली. एका जीपमध्ये 6 मुले बसतात. किती जीप लागतील?" 9 आणि बाकी 4, म्हणून 10. अंजिरं घरी ठेवता येतात, चार मुलं मागे ठेवता येत नाहीत. जे मूल अंजिरांना 6 आणि जीपला 10 लिहितं, ते संदर्भ बघून विचार करतंय हे मुलाखतीशिवाय कळलं. तिसरा प्रश्न "किती खोकी पूर्ण भरतील?" असा द्या. जे मूल "लागतील" आणि "भरतील" दोन्हींना 6 लिहितं, ते शब्दातला फरक धरत नाही, हेही कळलं. शंभर मुलांशी बोलायला लागणारे दिवस वाचतात.

कर्वे_रस्ता
तुमचा जीपचा प्रश्न उत्तम आहे, वृंदाताईंनी तो घ्यावाच. या जातीचा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत 1980च्या दशकात 1128 सैनिक आणि 36 जणांची बस असा तो गाजला होता. तिथेही पुष्कळ मुलांनी बसची संख्या "31 बाकी 12" अशी लिहिली होती.

पण तुमच्या चाचणीनंतर कोण उरतं, ते बघा. अंजीर, जीप आणि खोकी पूर्ण भरणं, तिन्हींना नुसता भागाकार आणि बाकी लिहिणारी मुलं उरतात, आणि बहुधा तोच गट सगळ्यात मोठा निघेल. त्यांच्याबद्दल चाचणी एवढंच सांगते की ती फरक करत नाहीत. वाचता आलं नाही म्हणून, की वर्गाची सवय म्हणून, की "10 वाटलं होतं पण बाई बाकी लिहायला सांगतात" म्हणून, हे चौथा आणि पाचवा प्रश्न घालूनही हाती लागत नाही.

तरीही तुमच्या हरकतीने एक चांगलं काम केलं. समर्थन लिहिताना हेच आधी लिहावं: सुधारित चाचणीने काय काय कळेल आणि त्यानंतर काय कळायचं राहील. जे राहील तेवढ्यासाठीच मुलाखत. मग "का" हा प्रश्न कुणी विचारणार नाही.

आकडेमोड_कोथरूड
हे मान्य. उरलेल्या गटापुरती मुलाखत असेल तर माझी हरकत नाही.

मास्तरांच्या मुद्द्यावर थोडा हिशेब केला. एका शाळेत चौथीत सरासरी सहा-सात मुलं धरली तर 24 शाळांत साधारण 150. ताईंच्या पायलटचं प्रमाण तसंच राहिलं तर त्यातली शंभरच्या आसपास मुलं नुसता भागाकार बरोबर करतील आणि त्यातली साठेक अंजिरांवर चुकतील. मुलाखतीसाठी अठरा-वीस मुलं निवडायला साठ पुरेत. पण 150 मुलांवरून दोन तालुक्यांची तुलना करायची असेल तर सांभाळून. एका शाळेची मुलं एकाच शिक्षकाकडे शिकलेली असल्याने एकमेकांसारखी असतात, म्हणून ती 150 सुटी मुलं नव्हेत. 480 हा आकडा मात्र काढूनच टाका.

मंजिरी_औंध
माझी गोष्ट सांगते, कारण मी नेमकी याच जागी पडले. माझा विषय शिक्षक प्रशिक्षणाचा होता. 200 शिक्षकांची प्रश्नावली आणि 15 मुलाखती. चौथ्या प्रकरणात पदनिश्चयन श्रेणीची कोष्टकं, पाचव्यात मुलाखतींमधले उतारे. दोन्ही मेहनतीने केलेली. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "पाचवं प्रकरण काढून टाकलं तर तुमचा कोणता निष्कर्ष बदलेल?" मी खूप शोधलं. एकही बदलत नव्हता. पंधरा शिक्षकांनी मला दोन-दोन तास दिले होते, मनातलं बोलले होते, आणि मी ते सगळं शोभेला लावलं होतं. मला पदवी मिळाली, पण ते पंधरा जण अजून डोळ्यांसमोर येतात.

वृंदा, तू आत्ताच हा प्रश्न स्वतःला विचार. मुलाखती काढल्या तर काय जाईल? चाचणी काढली तर काय जाईल? दोन्हींची उत्तरं एकेका वाक्यात लिहिता आली तर तेच तुझं समर्थन. मुलाखतीच्या शेवटी ती माहिती चाचणीशी कुठे जोडणार, हेही आत्ताच ठरव.

कर्वे_रस्ता
मंजिरीताईंनी सांगितलेला जोड प्रस्तावात दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे एक रिकामा तक्ता. उभ्या बाजूला उत्तरांचे नमुने: सगळीकडे भागाकार-बाकी, अंजिरांना 6 पण जीपला 10, गुणाकार. पहिल्या रकान्यात असं किती मुलांनी केलं, तो चाचणीचा आकडा. दुसऱ्यात मुलाखतीत त्या मुलांनी काय सांगितलं. तिसऱ्यात, दोन्ही मिळून आता आपण काय म्हणू शकतो. आकडे आत्ता नाहीत, म्हणून तक्ता रिकामाच जोडायचा. तिसऱ्या रकान्यात काय येऊ शकेल याची कल्पनाच करता येत नसेल, तर आराखड्यात जोड नाही असं समजा.

एक मोह मात्र आवरा. मुलाखतीतल्या 18 पैकी 7 मुलांनी वर्गाची सवय सांगितली, म्हणून "39 टक्के मुले सवयीने चुकतात" असं लिहायचं नाही. ती 18 मुलं तुम्ही मुद्दाम निवडलेली आहेत. किती, हे चाचणीने सांगावं. कसं आणि का, हे मुलाखतीने.

तळजाई
त्रिकोणीकरणाचा मुद्दा समजला. पण मग मला उलटं वाटतं. कारणं तर पायलटमध्ये एका मुलीनेच सांगितली. अजून दहा-बारा मुलांशी आधी बोलून कारणांची यादी पूर्ण करावी आणि मग त्या यादीवरून चाचणी बनवून 24 शाळांत द्यावी. म्हणजे कोणतं कारण किती मुलांत आहे हे कळेल. आधी मुलाखत, मग चाचणी.

आकडेमोड_कोथरूड
तळजाई यांच्याशी सहमत. शेवटी उपाय करायचा असेल तर "कोणतं कारण किती" हेच लागेल.

कर्वे_रस्ता
हा क्रम चुकीचा नाही. कारणं अजिबात माहीत नसतील तर मीही आधी मुलाखतच घ्यायला सांगेन. पण न्यूमनसारखी चौकट हाताशी आहे आणि चुकीचे प्रकार बरेच माहीत आहेत. शिवाय आधी मुलाखत घ्यायची तर कोणत्या मुलाची? भागाकार येतो पण शाब्दिक चुकतं, अशी मुलं चाचणीशिवाय कशी शोधणार? आणि "वर्गात बाकी लिहायची सवय" हे कारण बहुपर्यायी प्रश्नात कसं बसवणार, हे मला तरी सुचत नाही. यावर तुमचं माझं एकमत होईल असं नाही. क्रम कोणताही घ्या, पण "आधी हे का" याला उत्तर हवं.

वेल्ह्याचा_मास्तर
एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. चाचणी झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही तेच उदाहरण फळ्यावर सोडवून देतो. बाहेरून कुणी येऊन पोरांना विचारून गेलं, आपली पोरं चुकली, हे शिक्षकाला लागतंच. तुम्ही तीन आठवड्यांनी मुलाखतीला याल तेव्हा पोरं घडाघडा "7" म्हणतील.

वृंदा_पुरंदर
मास्तर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी स्वतःही पायलटनंतर नेमकं हेच केलं होतं!

कर्वे_रस्ता
मास्तरांनी लाखमोलाचं सांगितलं. मुलाखतीत तोच प्रश्न न देता त्याच घडणीचा दुसरा द्या, आणि शाळेत उत्तरपत्रिका ठेवू नका. तपासणी लगेच करून दहा-बारा दिवसांत मुलाखती. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात चाचणी घेतलीत तर सप्टेंबरमध्ये मुलाखती आटपतील आणि सहामाही परीक्षेत अडकणार नाही. हे वेळापत्रकही समर्थनाचाच भाग आहे. दोन टप्पे जमणार कसे, हे समिती विचारतेच.

सुनंदा_क
मधेच विचारते. तत्त्वज्ञानाच्या भूमिकेचं काय? माझ्या मार्गदर्शक म्हणतात की प्रत्यक्षार्थवाद आणि अर्थनिर्वचनवाद एकत्र नांदू शकत नाहीत, म्हणून व्यवहारवादावर चार पानं लिही.

मंजिरी_औंध
माझ्याकडे अशी सहा पानं होती. कुणीही त्यावर प्रश्न विचारला नाही.

कर्वे_रस्ता
चार पानं नकोत, पण अजिबात नको असंही मी म्हणणार नाही. चाचणी तपासताना तुम्ही "7 बरोबर, 6 चूक" असं धरता. मुलाखतीत मात्र "6 मागेही शहाणपण असू शकतं" असं धरता. हे दोन्ही एकाच प्रबंधात कसं, याचं उत्तर वृंदाताईंना द्यावंच लागेल. अंजीरवाल्या मुलीला शेवटी गुण द्यायचे की नाही? हा प्रश्न घेऊन अर्धं पान लिहिलं तरी नुसत्या वादांच्या यादीपेक्षा जास्त काम होईल.

वृंदा_पुरंदर
सगळ्यांचं वाचून काल रात्री परिच्छेद नव्याने लिहिला. बघाल का?

"पायलट अभ्यासात भागाकार अचूक करणाऱ्या 22 विद्यार्थ्यांपैकी 13 जणांनी त्याच भागाकारावरील शाब्दिक उदाहरणात 6 किंवा 6 बाकी 2 असे उत्तर लिहिले. चाचणीतील जोडप्रश्नांवरून कोणते विद्यार्थी संदर्भानुसार उत्तर बदलतात हे समजू शकते. जे कोठेच बदलत नाहीत त्यांच्या उत्तरामागे वाचन, आकलन, वर्गातील लेखनाची सवय की घरचा व्यवहार आहे, हे उत्तरपत्रिकेवरून ठरवता येत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात 24 शाळांत चाचणी घेऊन या गटाचे प्रमाण काढले जाईल आणि दुसऱ्या टप्प्यात याच गटातून 18 विद्यार्थी निवडून मुलाखती घेतल्या जातील. केवळ चाचणी घेतल्यास चुकीचे कारण कळणार नाही. केवळ मुलाखती घेतल्यास ही चूक किती पसरली आहे आणि कोणाशी बोलावे, हे कळणार नाही."

खाली रिकामा तक्ता जोडला आहे. मुलांची संख्या "अंदाजे 150" केली. त्या मुलीला गुण द्यायचे का, हे अजून ठरलेलं नाही. आज वर्गात तिच्याकडे बघून पुन्हा तेच मनात आलं.

मंजिरी_औंध
वाचताना अंगावर काटा आला. आता ते वाक्य दुसऱ्या कुठल्याही विषयाला चालणार नाही.

आकडेमोड_कोथरूड
चांगलं झालंय. "प्रमाण" शब्दापाशी "निवडलेल्या शाळांतील" एवढं घाला. आणि एक शंका. नुसता भागाकारही न येणारी जी मुलं आहेत, पायलटमधली 9, ती दोन्ही टप्प्यांतून गळतात. त्यातलं एखादं मूल अंजिरं मोजून, गट करून 7 म्हणत असेल तर?

वेल्ह्याचा_मास्तर
असतं हो. आमच्याकडे एक पोरगा आहे, बाजारात बापाबरोबर बसतो. भागाकार मांडता येत नाही, पण किती खोकी ते तोंडी सांगतो.

वृंदा_पुरंदर
माझ्या 9 मध्ये असा एक आहे. त्याने खोक्यांचं उत्तर 7 लिहिलं होतं आणि शेजारी आठ-आठ टिंबांचे गट काढले होते. मी ते नजरचुकीने नुसतंच तपासून बाजूला ठेवलं. मुलाखती 18 च्या 20 कराव्यात आणि दोन जागा अशा मुलांसाठी ठेवाव्यात का?

कर्वे_रस्ता
ठेवा. पण मग वरच्या परिच्छेदात "याच गटातून" लिहिलंय, ते बदलावं लागेल, आणि तक्त्यात एक ओळ वाढेल. गुरुवारपर्यंत बदलून इथे टाका, मी बघतो.